मशीन टाके सोडतंय, खाली गुंता होतोय? टेन्शनला हात सगळ्यात शेवटी लावा

शेजारच्या वहिनींनी मागच्या पावसाळ्यात शिवण शिकायला सुरुवात केली. घरात सासूबाईंचं काळं पायमशीन होतं. महिनाभर त्यांनी त्यावर जाड कापडाच्या बाजारपिशव्या शिवल्या आणि मशीन मुकाट चाललं. मग टू-बाय-टू रुबियाचा ब्लाऊज लावला आणि मशीन बिथरलं. पाच-सहा टाके नीट पडायचे, मग बोटभर दोरा नुसताच कापडावर लोळत जायचा. वहिनींनी वरचं टेन्शन घट्ट केलं, तर टाके आणखी सुटायला लागले आणि दोरा तुटू लागला. मग बॉबीन केसचा, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या डबीचा, स्क्रू पिळला. संध्याकाळी माझ्याकडे आल्या तेव्हा कापडाच्या खाली दोऱ्याची जाळी झाली होती, चाक जागचं हलत नव्हतं आणि मूळ दोष कुठला, नंतर आपण केलेला कुठला, हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

नवीन शिकणाऱ्या दहांपैकी आठ जणी याच वाटेने जातात. टेन्शनची चकती समोर दिसते आणि हाताने फिरते, म्हणून पहिला हात तिच्याकडेच जातो. खरं तर तिची पाळी सगळ्यात शेवटी यायला हवी. आधी वरचा दोरा, मग सुई, मग बॉबीन आणि शटल, मग टेन्शन. त्या संध्याकाळी आम्ही याच क्रमाने गेलो, त्याच क्रमाने सांगते. घरोघरी दिसणाऱ्या, सरळ टीप मारणाऱ्या काळ्या मशीनबद्दल हे आहे. झिगझॅगच्या मशीनलाही बरंचसं लागू पडतं, फरक असेल तिथे सांगेन.

टाका बसतो तरी कसा

एवढं एक कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. मशीनच्या सुईचं छिद्र टोकाजवळ असतं, हातसुईसारखं मागे नसतं. सुई दोरा घेऊन कापडाखाली जाते, तळ गाठते आणि वर यायला लागते. वर यायला लागल्यावर पहिल्या दोन-अडीच मिलिमीटरमध्येच कापड दोऱ्याला धरून ठेवतं, त्यामुळे सुईच्या एका बाजूला दोऱ्याचा लहानसा फुगा तयार होतो. नेमक्या त्याच क्षणी कापडाखाली फिरणाऱ्या शटलचं टोक त्या फुग्यातून आत शिरतं, फुगा ओढून मोठा करतं आणि बॉबीन केसला वळसा घालून सोडून देतं. वर-खाली होणारा दोऱ्याचा दांडा मग उरलेला दोरा वर खेचतो आणि टाका आवळला जातो.

म्हणजे टाका सुटतो तेव्हा एकच गोष्ट घडलेली असते: शटलच्या टोकाला फुगा सापडलेला नसतो. एकतर फुगा झालाच नाही, किंवा भलतीकडे झाला, किंवा टोक त्याच्यापर्यंत पोचलं नाही. वहिनींनी टेन्शन घट्ट केलं तेव्हा दोरा इतका ताणला गेला की होणारा फुगाही छोटा झाला. टाके वाढत्या संख्येने सुटले ते त्यामुळे.

आणि खाली गुंता होतो तेव्हा याच गोष्टीची दुसरी बाजू असते. शटलने फुगा नीट उचलला, वळसाही घातला, पण उरलेला दोरा परत वर खेचणारं कोणी नाही. मग तो खालीच साठत जातो. म्हणून कापडाखाली दिसणारी जाळी बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याची असते. नवशिक्यांना हे पटत नाही. खाली गुंता दिसला की त्या बॉबीनच काढून बघत बसतात. वर लाल आणि बॉबीनमध्ये पांढरा दोरा घालून बघा. खालची जाळी लाल निघेल.

अडकलेलं मशीन आधी मोकळं करा

चाक अडलं असेल तर जोर लावू नका. पायडलवर पाय मारून 'सुटेल' म्हणून बघणं तर अजिबात नको. सुई वाकते, कधी शटलचं टोक झिजतं. पाय बाजूला घ्या, विजेची मोटर असेल तर प्लग काढा. कापड दाबणारा पाय उचला. चाक हाताने अगदी थोडं पुढे-मागे हलवत सुई कापडातून वर येते का बघा. सुई वर आली की कापड मागच्या बाजूला थोडं उचलून खालचे दोरे छोट्या कात्रीने किंवा ब्लेडने कापा. कापड ओढून काढायचं नाही. मग डाव्या हाताची सरकपट्टी उघडून बॉबीन केस तिच्या खिट्टीला धरून बाहेर घ्या. ती येत नसेल तर दोरा तिच्याभोवती गुंडाळलेला असतो. चाक जरासं मागे घेतलं की बहुतेक वेळा सुटते.

आणि एक लक्षात ठेवा: अशा अडकण्यानंतर सुई बदलाच. डोळ्यांना सरळ दिसणारी सुईही केसभर वाकलेली असते आणि तो केसभर फरक शटलला पुरतो.

वरचा दोरा पुन्हा ओवा, सगळा

'ओवलेला दिसतोय की नीट' असं म्हणून चालत नाही. दोरा रिळापासून पूर्ण काढा आणि पहिल्यापासून ओवा. त्याआधी कापड दाबणारा पाय वर उचला. पाय वर असला की टेन्शनच्या दोन चकत्या सैल होतात आणि दोरा त्यांच्या मधोमध जाऊन बसतो. पाय खाली असताना ओवलं तर चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या कडेवर राहतो आणि टेन्शन नऊवर नेलं तरी त्याला काही फरक पडत नाही. सुई सगळ्यात वर, दांडाही सगळ्यात वर, मगच ओवायला घ्या.

रिळावरून निघालेला दोरा पहिल्या कडीतून चकत्यांमध्ये जातो. चकत्यांना लागून एक बारीक तारेची वळलेली स्प्रिंग असते, तिच्या आकड्यात दोरा आला पाहिजे. मग तो वर-खाली होणाऱ्या दांड्याच्या छिद्रातून जातो, तिथून खालच्या कड्यांमधून सुईजवळच्या शेवटच्या कडीत. दांड्याचं छिद्र चुकलं तर पहिल्या पाच-सात टाक्यांतच खाली जाळी होते. स्प्रिंग चुकली तर एवढं उघड दिसत नाही. मधूनच एखादा टाका सैल, एखादा बरा, असं येतं.

ओवून झालं की अर्ध्या मिनिटाची परीक्षा आहे, ती मी प्रत्येकीला आधी शिकवते. पाय वर असताना सुईतून आलेला दोरा ओढा. तो सहज यायला हवा. आता पाय खाली टाका आणि पुन्हा ओढा. आता तो चांगलाच अडायला हवा, इतका की सुई किंचित लवेल. दोन्ही वेळा सारखाच सहज आला, तर दोरा चकत्यांत बसलेला नाही किंवा चकत्यांमध्ये दोऱ्याचा जुना तुकडा, कापसाचा गोळा अडकलाय. एखादी मऊ चिंधी पाय वर असताना चकत्यांमधून खाली-वर फिरवा, निघून येईल. वहिनींचा दोरा इथेच सापडला: तुटल्यावर पुन्हा ओवताना एक चकती सोडून बाहेरून गेला असावा. तो नीट बसवल्यावर खालची जाळी तिथल्या तिथे थांबली. टाके मात्र अजून सुटतच होते.

टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं, साधारण चार बोटं लांब, पायाखालून मागे घेऊन धरा आणि पहिले दोन-तीन टाके होईपर्यंत सोडू नका. नाहीतर शटल ती टोकं आत ओढतं आणि तिथेच गाठ होते. 'सुरुवातीलाच गुंता होतो, पुढे नीट चालतं' अशी तक्रार असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच असतं.

पायमशीनवर आणखी एक गोष्ट घडते, जी विजेच्या मशीनवर शिकलेल्यांना माहीत नसते. पायडल मारताना चाक उलट्या दिशेनेही फिरू शकतं. नवखी व्यक्ती एक पाय जोरात दाबते, चाक मागे जातं, दोरा उलटा ओढला जाऊन तुटतो किंवा खाली अडकतो. सुरुवात हाताने करा: चाकाचा वरचा भाग स्वतःकडे ओढा आणि मग पायांनी लय धरा. पहिले दोन दिवस मशीनमध्ये दोरा न घालता, कापड दाबणारा पाय वर उचलून, नुसतं चालवायचा सराव करा. कंटाळा येतो, पण निम्मे गुंते तिथेच टळतात.

सुई: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दोष असलेला भाग

वहिनींच्या मशीनमध्ये 18 नंबरची सुई होती. पिशव्यांसाठी लावली ती तशीच राहिली होती. पाकिटावर 110/18, 90/14 असे दोन आकडे असतात. पहिला म्हणजे सुईची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. नव्वदची सुई 0.9 मिलिमीटर जाड, 110 ची 1.1. एवढ्या जाड 18 नंबरने रुबियासारख्या पातळ कापडात मोठं भोक पडतं, कापड दोऱ्याला धरून ठेवत नाही, उलट सुईबरोबर स्वतःच वर उचललं जातं. मग फुगा कसा होणार?

जॉर्जेट, शिफॉन, पातळ अस्तर यांना 11 नंबर, ब्लाऊजचं रुबिया, पॉपलीन, कॉटनची कुर्ती यांना 11 किंवा 14, चादर-पडदे-पिशव्यांना 16, जीन्सला 16 किंवा 18. एवढं लक्षात ठेवलं तर रोजचं काम भागतं. साडीला फॉल लावणाऱ्या बायका साडी पातळ आणि फॉल जाडसर म्हणून गोंधळतात. तिथे पातळ साडीचं ऐका. होजिअरी, टी-शर्टचं कापड, ताणलं जाणारं काहीही असलं तर साध्या टोकाची सुई धागे तोडते आणि टाके सोडते. त्यासाठी गोल टोकाची बॉलपॉइंट सुई मागून घ्या.

दोराही सुईला जमला पाहिजे. सुईच्या अंगावर एका बाजूने लांब खाच असते, खाली जाताना दोरा तिच्यात लपतो. दोरा जाड आणि सुई बारीक असेल तर तो खाचेत मावत नाही, कापडाशी घासून पिंजतो. सोपी परीक्षा: सुई हातात घेऊन वीतभर दोऱ्यात ओवा, दोरा ताठ तिरपा धरा. सुई आपल्या वजनाने घसरत खाली आली तर जोडी जमली. अडकून राहिली तर सुई एक नंबर मोठी घ्या.

आता सुई बसवायची कशी. घरगुती मशीनच्या सुईच्या मुठीची एक बाजू चपटी असते. ती चपटी बाजू शटलचं टोक ज्या बाजूने जातं तिकडे हवी. लांब खाच त्याच्या उलट बाजूला, आणि दोरा खाचेच्या बाजूने ओवायचा. डावीकडून बॉबीन घालायच्या काळ्या मशीनमध्ये सहसा चपटी बाजू उजवीकडे येते, समोरून बॉबीन घालायच्या झिगझॅग मशीनमध्ये मागे. शंका असेल तर पट्टी उघडा, बॉबीन केस काढा, चाक हाताने सावकाश फिरवा आणि शटलचं टोक सुईच्या कोणत्या बाजूने सरकतं ते डोळ्यांनी बघा. हा पुरावा कुठल्याही सांगोवांगीपेक्षा भरवशाचा. आणि गोल मुठीची सुई दिली तर परत करा. ती कारखान्यातल्या मोठ्या मशीनची असते, आपल्या मशीनमध्ये ती दिसायला बसेल पण टाका धरणार नाही.

सुई वर ढकलायची ती थेट टेकेपर्यंत. एक मिलिमीटर खाली राहिली तरी फुगा चुकीच्या उंचीवर होतो. एका हाताने वर दाबून धरा, दुसऱ्याने स्क्रू आवळा. वहिनींची सुई जाड असून शिवाय अशी खाली उतरलेली होती. पिशवीच्या जाड शिवणीवर आपटताना स्क्रू सैल होऊन ती सरकली असावी.

जुनी सुई ओळखायची तर तिचा चपटा भाग आरशावर ठेवा आणि आडवं डोळा लावून बघा: सुई आणि आरसा यांच्यामधली फट टोकापर्यंत सारखी हवी. टोक नखावरून हलकं ओढा. ओरखडा उठला तर टोक मोडलंय. सलग शिवण असेल तर साधारण आठ तासांच्या कामानंतर सुई बदलावी असं मी धरते, जरीकाठ किंवा सिंथेटिकवर त्याआधीच.

नवी 14 नंबरची सुई लावल्यावर वहिनींची वीतभर टीप सलग पडली. फक्त तिचा रंग विचित्र होता. वरच्या बाजूला बॉबीनचा पांढरा दोरा ठिपक्या-ठिपक्यांनी दिसत होता. ती त्यांनीच पिळलेल्या स्क्रूची करामत, तिच्याकडे येतेच.

बॉबीन आणि शटल

बॉबीन सैल भरलेली, एका बाजूला फुगलेली किंवा काठोकाठ भरलेली असेल तर ती केसमध्ये अडखळत फिरते आणि टाका मधूनच आवळतो. भरताना दोरा भरायच्या छोट्या चकत्यांतून गेलाच पाहिजे, नुसता हाताने धरून भरलेली बॉबीन काढून टाका. कडेपासून थोडं कमीच भरा. जुन्या दोऱ्यावर नवा दोरा चढवण्याची काटकसर नको. आणि दुकानातून बॉबीन आणताना आपली जुनी बॉबीन बरोबर न्या. एखाद्या मिलिमीटरचा फरक असलेल्या बॉबीन दिसायला सारख्याच असतात.

केसमध्ये बॉबीन घालायची दिशा असते. केसची उघडी बाजू स्वतःकडे धरा, बॉबीन आत ठेवा, दोरा कडेच्या चिरेतून पातळ पट्टीच्या स्प्रिंगखाली ओढून घ्या. आता दोऱ्याचं टोक ओढलं की बॉबीन घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरायला हवी. उलट फिरली तर बॉबीन पालथी करून पुन्हा घाला. उलटी घातलेली बॉबीन लगेच अडत नाही, म्हणून फसवते. दोरा हळूहळू स्प्रिंगखालून सुटतो आणि खालची बाजू सैल होत जाते.

केस मशीनमध्ये बसवताना तिचं बाहेर आलेलं बोट वरच्या खाचेत जायला हवं आणि 'टक' असा आवाज यायला हवा. आवाज आला नाही तर बसलेली नाही. तशीच शिवायला घेतली तर सुई तिच्यावर आपटून मोडते.

आता आतली सफाई. सुई सगळ्यात वर घ्या, बॉबीन केस काढा. शटलच्या तोंडावरच्या गोल कड्याला दोन बाजूंनी दोन खिट्ट्या असतात, त्या बाहेर वळवल्या की कडं निघतं आणि मागोमाग अर्धचंद्रासारखं शटल, मधल्या खुंटीला धरून. हे सगळं कसं होतं त्याचा आधी मोबाइलवर फोटो काढा, परत बसवताना आपण किती विसरतो ते कळेल. आतून काय निघतं ते बघून बहुतेक जणी चकित होतात: कापसाचा नमदा, दोऱ्याचे तुकडे, कधी सुईचं मोडकं टोक. दात घासायचा जुना ब्रश उत्तम. सुईखालची प्लेट दोन स्क्रू काढून उचला आणि कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या मधला दाबून बसलेला मळ टाचणीने खरवडून काढा. तोंडाने फुंकू नका, वाफ लागून गंज चढतो.

शटलचं टोक बोटाच्या पोटावरून हलकं फिरवा. ते गुळगुळीत आणि अणकुचीदार लागायला हवं. खरखरीत, बोथट लागलं किंवा तिथे कापूस अडकत असेल तर टाके सुटण्याचं कारण सापडलं. बारीक खरखर अतिबारीक पॉलिश पेपरने अलगद पुसून घालवता येते, पण टोकच झिजलं असेल तर नवं शटल आणा. ते सुटं मिळतं. प्लेटच्या भोकाच्या कडेलाही बोट फिरवा. सुई आपटून तिथे ओरखडे पडतात आणि दोरा त्यांना अडकून तुटतो.

परत बसवण्याआधी शटल फिरतं त्या कड्याला मशीन तेलाचा एक थेंब. एकच. आणि खोबरेल किंवा गोडेतेल चुकूनही नको. ते काही महिन्यांत चिकट होऊन पितळी रंगाचा थर धरतं आणि मशीन जड फिरतं. आजीच्या काळापासून खोबरेल घालत आलेली मशीनं मी पाहिली आहेत. त्यांना आधी रॉकेलचे थोडे थेंब टाकून, काही मिनिटं फिरवून, सगळं काळं पुसून काढावं लागतं, मग मशीन तेल. रॉकेल वापरताना गॅस, देवाजवळची समई लांब. तेल घातल्यावर पहिल्या टिपा चिंध्यांवर मारा, नाहीतर ब्लाऊजवर डाग.

आता टेन्शन

खालचं आधी, वरचं नंतर. उलट केलं तर दिवसभर गोल फिरत राहाल.

बॉबीन भरलेली केस दोऱ्याच्या टोकाला धरून हवेत लोंबकळत ठेवा. ती आपोआप घसरायला नको. हाताला हलका झटका द्या. ती इंच-दोन इंच खाली येऊन थांबायला हवी. झटक्याशिवायच सरसर जमिनीकडे निघाली तर फार सैल, झटका देऊनही हलली नाही तर फार घट्ट. केसच्या पट्टी-स्प्रिंगवर दोन बारीक स्क्रू असू शकतात. एक पट्टी पकडून ठेवणारा. त्याला हात लावू नका. ताणाचा स्क्रू सहसा पट्टीच्या मधोमध असतो. तो एका वेळी घड्याळातल्या पाच-सात मिनिटांएवढाच फिरवा, पुन्हा लोंबकळवून बघा. हे काम ताटात करा. तो स्क्रू फरशीवर पडला की सापडत नाही.

वहिनींची केस झटक्याने सटकन हातभर खाली आली. 'घट्ट' करायच्या नादात त्यांनी स्क्रू उलट्या दिशेने सैल केला होता. म्हणजे वर ताण जास्त, खाली जवळजवळ नाहीच. वरचा दोरा खालच्याला ओढून कापडावर आणत होता. पांढरे ठिपके त्याचे. स्क्रू थोडा-थोडा आवळत तीन फेऱ्यांत केस दीड इंचावर थांबायला लागली.

मग वरचं टेन्शन. ज्या कापडावर शिवायचं त्याच कापडाचे दोन पदर घ्या, वर लाल, खाली पांढरा दोरा, आणि वीतभर सरळ टीप मारा. वरून बघाल तर फक्त लाल दिसावा, खालून फक्त पांढरा. दोघांची गाठ कापडाच्या पोटात लपायला हवी. वर पांढरे ठिपके आले तर वरचं टेन्शन सैल करा. खालून लाल ठिपके किंवा ताणलेल्या पांढऱ्या दोऱ्यावर लाल वेटोळी दिसली तर घट्ट करा. आकडे असलेल्या चकतीवर साध्या सुती कापडासाठी 3 ते 5 च्या मध्ये कुठेतरी जमतं. आकडे नसलेल्या जुन्या चकतीवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवा, परत येण्याची जागा राहते. एका वेळी अर्धा आकडा फिरवा आणि प्रत्येक टिपेशेजारी पेन्सिलीने आकडा लिहा. पाय खाली असतानाच टेन्शन खरं लागतं, वर असताना फिरवून अंदाज बांधू नका.

रुबियावर वहिनींचं मशीन चारवर स्थिरावलं. त्याआधी त्यांनी ते आठवर नेलं होतं.

सगळं करूनही पातळ कापडावर एखादा टाका सुटत असेल तर कापड सुईबरोबर वर उचललं जातंय का ते चाक हाताने फिरवून बघा. तसं असेल तर कापडाखाली वर्तमानपत्राची नव्हे, शाई नसलेल्या पातळ कागदाची पट्टी घालून शिवा आणि नंतर फाडून टाका. कोऱ्या, खळ असलेल्या कापडावर टाके सुटत असतील तर कापड आधी धुऊन घ्या. आणि कापड मागून ओढायची सवय मोडा. ओढलं की सुई वाकते आणि शटलपासून दूर जाते; कापड पुढे नेण्याचं काम दात्यांचं, आपल्या हातांनी फक्त दिशा द्यायची.

मिस्त्रीकडे कधी जायचं

नवी सुई, नीट ओवलेला दोरा, स्वच्छ शटल, जमलेलं टेन्शन, आणि तरीही साध्या पॉपलीनच्या दोन पदरांवर टाके सुटतात. मग प्लेट आणि बॉबीन केस काढून, चाक हाताने फिरवत बघा. सुई तळाला जाऊन वर यायला लागली की शटलचं टोक सुईला जवळजवळ चाटून, छिद्राच्या किंचित वरून जायला हवं. टोक छिद्राच्या खालून जात असेल, सुई बरीच वर गेल्यावर येत असेल किंवा दोघांच्या मध्ये डोळ्याला दिसणारी फट असेल, तर सुईचा दांडा सरकलाय किंवा शटल चालवणारा भाग सैल झालाय. जाड शिवणीवर जोरात आपटल्यावर हे होतं. दांड्याची उंची बसवणं नवशिक्याने घरी करू नये. एक स्क्रू सैल केला की मूळ खूण हरवते.

मिस्त्रीला बोलवाल तेव्हा टिपा मारलेल्या चिंध्या फेकू नका. कोणत्या कापडावर, किती नंबरच्या सुईने, टेन्शन कितीवर असताना काय झालं, हे त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. आमच्याकडचे मिस्त्री मशीनला हात लावायच्या आधी त्याच मागतात.